दादाचा डबा: प्रोटीन दिवसभर वाटून घेण्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

दादाच्या वजनाचं काम आजपासून हातात घेतलं. मी आहारतज्ज्ञ असले तरी सख्ख्या भावाला सल्ला देणं वेगळंच असतं, म्हणून सगळं लिहून ठेवायचं ठरवलं. त्याला विचारूनच.

वय ४६, उंची १६८ सेंमी, सकाळी उपाशीपोटी वजन ८४.२ किलो, बेंबीच्या रेषेत पोट १०१ सेंमी. नोकरी चाकणला, फर्स्ट शिफ्ट ७ ते साडेतीन. भोसरीहून कंपनीची बस ६ वाजून १० मिनिटांनी. जानेवारीपासून आठवड्यातून तीनदा जिम. स्क्वॉट ५० किलो, बेंच ४० किलो, दोन्हींचे ८ रेप्स. क्रिएटिनिन आणि युरिनमधलं प्रोटीन आधीच तपासून घेतलं, दोन्ही ठीक. ही तपासणी न करता मी कुणाचंच प्रोटीन वाढवत नाही. किडनी अधू असली तरी बरीच वर्षं काही जाणवत नाही, आणि अशा माणसाला हा सगळा बेत लागू नाही.

घटस्थापनेपर्यंत चारेक किलो चरबी उतरवायची आणि जिममध्ये उचलतो ते वजन कमी होऊ द्यायचं नाही, एवढं ठरलं. दादाचं म्हणणं, "प्रोटीनची काळजी करू नकोस. रात्री पाव किलो चिकन असतं माझं." आठवड्यातून किती रात्री, ते बघायचं आहे.

१२ जून, गुरुवार

वहिनीने ओट्यावर काटा ठेवला आणि चार दिवस सगळं कच्चं असताना मोजून दिलं. मोजल्याशिवाय या कामात काही कळत नाही, कारण ताट भरलेलं दिसतं.

कालचा बुधवार, म्हणजे चिकनचा वार. सकाळी एक डिश पोहे आणि चहा. पोहे ६० ग्रॅम, मूठभर शेंगदाणे, चहातलं दूध, सगळं मिळून प्रोटीन १० ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी, १२ ग्रॅम. घरी आल्यावर चहा-टोस्ट, ४ ग्रॅम. रात्री बिनहाडाचं २०० ग्रॅम चिकन, दोन भाकऱ्या आणि थोडा भात, ५६ ग्रॅम. दिवसाचे ८२.

आज गुरुवार. रात्रीपर्यंत सगळं कालच्यासारखंच. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या, दीड वाटी आमटी, भात, भाजी, वाटीभर दही मिळून २७. दिवसाचे ५३.

आमटीचाच आकडा सगळ्यांना धक्का देतो. वहिनीने एका वाटीतली डाळ कोरडी असताना मोजली, ती २० ते २५ ग्रॅमच भरली. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन खरं, पण वाटीत डाळ पावशेर नसते, चमचाभर असते. एका वाटीतून ५ ग्रॅम मिळाले तर पुष्कळ. "म्हणजे इतकी वर्षं मी यांना पाणीच वाढत होते की काय," वहिनी म्हणाली.

घरात सामिष फक्त रविवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. अंडंही सामिषातच. तीन दिवस ८२ आणि चार दिवस ५३ धरले तर सरासरी ६५. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम हवं, दादा त्याच्याही थोडा खाली आहे. आणि ती शिफारस साध्या निरोगी माणसासाठी आहे, जेवण कमी करून वजन उतरवणाऱ्यासाठी नाही.

१४ जून, शनिवार

दादाला चहाच्या वेळी समजावून सांगितलं, तेच इथे लिहिते.

शरीरात चरबीचं कोठार असतं, साखरेचंही थोडंफार असतं. प्रोटीनचं वेगळं कोठार नाही. अडीनडीला उपसायला असतात ते स्नायूच. स्नायू दिवसभर थोडे मोडतात आणि थोडे बांधले जातात. पोटात प्रोटीन गेलं की बांधणी चढते, मग उतरते. दोन जेवणांच्या मधल्या काळात मोडतोड जास्त असते. एरवी हा हिशोब जमतो. पण वजन उतरवायला कॅलरी कमी केल्या की बांधणीचा वेगच मंदावतो. २०१४ च्या एका प्रयोगात पाच दिवस जेवण बरंच कमी केल्यावर हा वेग सुमारे पाव हिश्शाने उतरला होता. वजन उचलण्याचा व्यायाम केल्यावर तो परत पहिल्या जागी आला आणि व्यायामानंतर प्रोटीन दिल्यावर आणखी चढला.

आता दादाचं घड्याळ. रात्री साडेआठला जेवण. त्यानंतरचं भरीव प्रोटीन दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला. मधल्या चोवीस तासांत १०, १२ आणि ४. वयाच्या चाळिशीनंतर एवढ्याशा मात्रेने बांधणी फारशी हलत नाही. तरुण माणसाला एका जेवणात वजनाच्या दर किलोला पाव ग्रॅम पुरतो, साठी-सत्तरीत तोच आकडा ०.४ कडे जातो. दादा मधे कुठेतरी आहे, म्हणून त्याच्यासाठी जेवणाला २५ ते ३० धरले. यात ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल साधारण अडीच ग्रॅम असावं, कारण बांधणी सुरू करायचा इशारा मुख्यतः त्याचा. दुधा-अंड्यात ते जास्त, गहू-डाळीत जरा कमी. म्हणून निव्वळ डाळ-पोळीच्या जेवणात प्रोटीन थोडं चढंच हवं.

१५ जून, रविवार

बेत ठरला. ८४ किलोवर प्रोटीन मोजत नाही, कारण जास्तीच्या चरबीला प्रोटीन लागत नाही. दादाच्या उंचीला ७० किलो धरून दर किलोला दीड ग्रॅम, म्हणजे १०५. दिवसाच्या कॅलरी साडेएकोणीसशे. त्याच्या रोजच्या खर्चापेक्षा चारेकशे कमी. याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

वाटणी: सकाळी २८, डब्यात २८, संध्याकाळी १७, रात्री ३२.

रात्रीचं चिकन २०० वरून १०० ग्रॅमवर आलं. दादाचा चेहरा उतरला. "अर्धं चिकन काढून घेतलंस, आता पोहेपण काढणार?" पोहे नाही काढले. रविवारी पोहेच, वर दोन उकडलेली अंडी.

पहिला अडथळा वाराचा निघाला. मला वाटलं होतं रात्रीचं अर्धं चिकन सरळ दुसऱ्या दिवशीच्या डब्यात जाईल. पण बुधवारनंतर गुरुवार, शुक्रवारनंतर शनिवार, रविवारनंतर सोमवार! प्रत्येक सामिष रात्रीचा दुसरा दिवस पाळायचाच. म्हणजे डब्यात चिकन हवं तर ते बुधवारी आणि शुक्रवारी पहाटेच शिजायला हवं. वहिनीने ते एका वाक्यात निकालात काढलं: "पाचला मी चिकन परतणार नाही." बरोबरच आहे. डबा सातही दिवस शाकाहारी, असं ठरलं.

१८ जून, बुधवार

सगळ्यात अवघड सकाळ. पावणेसहाला भूक नसते आणि वेळही नसतो. अंड्याच्या वारी सोपं: आदल्या रात्री तीन अंडी उकडून ठेवायची, सकाळी एक पोळी आणि पेलाभर दूध. अंड्यांचे १९, दुधाचे ८, पोळीचे ३. तीस झाले, पाच मिनिटांत.

पाळायच्या चार दिवसांसाठी दोन गोष्टी बसवल्या. पहिली मूगडाळीची धिरडी. ६० ग्रॅम सालीची मूगडाळ रात्री भिजत घालायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची, दोन धिरडी, आत ५० ग्रॅम पनीर कुस्करून. त्यावर अर्धा पेला दूध. २८ होतात.

दुसरी चक्का. साय काढलेल्या दुधाचं अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून नळाला टांगायचं आणि सकाळी मीठ-जिरं घालून थालीपिठाबरोबर. वहिनीला वाटत होतं की पाण्याबरोबर प्रोटीन गळून जाईल. दूध उकळून विरजलेलं असलं तर फार जात नाही. तापवल्यावर दुधातलं पाण्यात राहणारं प्रोटीनही केसीन या दुधातल्या मुख्य प्रोटीनला चिकटतं आणि फडक्यातच राहतं. खाली भांड्यात पिवळसर हिरवट पाणी उरतं, ते कणीक मळायला. चक्का १५ आणि थालीपीठ ६-७, म्हणजे बावीसच्या आसपास. थोडं कमी पडतं, पण चालवून घेते, कारण ते तो आवडीने खातो.

२४ जून, मंगळवार

डब्याचा प्रश्न सोयाबीनच्या वड्यांनी सोडवला. ४० ग्रॅम कोरड्या वड्यांत २० ग्रॅमच्या वर प्रोटीन. दोन पोळ्यांचे ६-७ मिळून आकडा बसतो. पण वड्या नीट केल्या तरच. मिठाच्या पाण्यात उकळायच्या, थंड पाण्यात टाकायच्या, घट्ट पिळायच्या, परत धुवायच्या, परत पिळायच्या. दुसऱ्यांदा पिळल्यावर तो उग्र वास जातो. मग मिक्सरला जाडसर फिरवून कांदा-टोमॅटो आणि कांदा-लसूण मसाल्यावर परतलं. बसमधल्या लोकांनी खिमा समजून खाल्लं म्हणे, तेही मंगळवारी.

वहिनीने कणकेत सोयाबीनचं पीठ घालायचं सुचवलं. किलोला १०० ग्रॅम. घालायला हरकत नाही, पण फरक छोटा आहे: एका पोळीमागे जेमतेम पाऊण ग्रॅम. शिवाय सोयाबीन कच्चं दळायचं नाही. त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने जातो, म्हणून खरपूस भाजूनच गिरणीत द्यायचं. तिला म्हटलं, एवढा व्याप करण्यापेक्षा डब्यात दह्याची वाटी वाढव.

२ जुलै, बुधवार

जिमच्या ट्रेनरने दादाला सांगितलं, "एका वेळी ३० ग्रॅमच पचतं, बाकी वाया." लगेच दादाचा फोन. मग आतापर्यंतचं रात्रीचं चिकन वाया गेलं का?

नाही गेलं. पचन आणि स्नायूबांधणी या दोन वेगळ्या गोष्टी. आतडं जवळजवळ सगळं प्रोटीन शोषून घेतं, फक्त वेळ जास्त लागतो. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या गटाने व्यायामानंतर २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन बारा तास मोजमाप केलं. १०० ग्रॅमवाल्यांची बांधणी जास्त चढली आणि जास्त वेळ चढलेली राहिली. तिसाची भिंत काही दिसली नाही.

वाटून खाण्याच्या बाजूने नेहमी दाखवला जातो तो २०१४ चा अमेरिकेतला प्रयोग. एकूण प्रोटीन सारखंच, एका आठवड्यात तिन्ही जेवणांत तीस-तीस, दुसऱ्यात सकाळी दहा आणि रात्री साठाच्या वर. समान वाटणीत चोवीस तासांची बांधणी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. पण त्यात माणसं आठच होती आणि ती वजन उतरवत नव्हती. उलट २०१७ मध्ये वजन उतरवणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या लोकांवर सोळा आठवडे दिवसाला ९० ग्रॅमची तीच तुलना झाली, तेव्हा समान वाटणी आणि रात्रीचा भर यांत अंगावरच्या स्नायूंचा फरक दिसला नाही.

मग मी दादाला का पिडते आहे? कारण त्याचं मुळातलं दुखणं वाटणीचं नाही, एकूणाचं आहे. ज्याचे रोजचे ९०-१०० ग्रॅम कसेही पुरे होतात आणि जो नियमाने वजन उचलतो, त्याने ते रात्री खाल्ले काय आणि वाटून खाल्ले काय, फार बिघडत नाही. पण आपल्या ताटात, पाळायच्या वारी, कमी पडणारे पन्नास ग्रॅम रात्री एकदम भरून काढायचे तर दहा वाट्या आमटी प्यावी लागेल. ते होत नाही. म्हणून सकाळ आणि डबा भरणं हाच एकूण आकडा गाठायचा रस्ता, आणि तसं केल्याने चोवीस तासांची खिंड बुजते हा वरचा फायदा. ट्रेनरला सांगू नकोस म्हटलं, वाद होईल.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपासाचा दिवस. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, खिचडीत जे आहे ते दाण्याच्या कुटाचं. दाण्यांत १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन असलं तरी त्यामागे साडेपाचशेहून जास्त कॅलरी येतात. दाणा हे मुळात तेलाचं बी आहे, प्रोटीनसाठी त्याच्यावर भार टाकला की कॅलरींचा बेत कोसळतो. आज भगर, पातळ दाण्याची आमटी, दोनदा दूध आणि चक्का. दिवसाचे साठच्या आत. सोडून दिलं. महिन्यातला एखादा दिवस कमी पडल्याने स्नायू वितळत नाहीत, आठवड्याची सरासरी बघायची.

१३ जुलै, रविवार

वजन ८२.६, पोट ९८.५. वेग ठीक, आठवड्याला ३०० ग्रॅमच्या वर.

तक्रार एकच, गॅसेस. गेल्या आठवड्यात नाश्त्याला मूग, डब्यात मटकीची उसळ, चारला फुटाणे, रात्री चवळी, असं एकाच दिवशी झालं होतं. बसमध्ये हाल झाले. आता नियम: दिवसात कडधान्य एकदाच, बाकी जेवणांत दूध, दही, पनीर, सोया किंवा अंडी. फुटाण्यांचे ४० ग्रॅम तेवढे अपवाद म्हणून तसेच ठेवले, बरोबर २०० ग्रॅम दही. ताक ठेवलं नाही. तहानेला ताक उत्तम, पण त्यात वाटीभर दह्याला दोन वाट्या पाणी असतं आणि लोक ते प्रोटीनमध्ये मोजतात.

पोळ्या कमी झाल्याने पोटही साफ होत नव्हतं. डब्यात काकडी-गाजराची कोशिंबीर वाढवली, पाण्याची बाटली मोठी दिली.

न मागता एक गोष्ट कळली. दादा म्हणाला, संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात थांबला आहे. सकाळी पोटभर प्रोटीन गेलं की संध्याकाळची ती खाखा कमी होते, हे मी बऱ्याच जणांत पाहिलं आहे. कॅलरींची तूट टिकते ती त्यामुळेच.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. काल गटारीला दादाने सगळे हिशोब गुंडाळून ठेवले होते, मीही विचारलं नाही. आता महिनाभर अंडी-चिकन बंद, म्हणजे सातही दिवस गुरुवार. रात्रीचे ३२ कुठून आणायचे? ८० ग्रॅम पनीर आणि घट्ट वरण, एक भाकरी. वरण घट्ट, म्हणजे माणशी ४० ग्रॅम डाळ. किंवा पिठलं: ५० ग्रॅम बेसन, १०-११ ग्रॅम प्रोटीन, आणि नंतर दूध. पनीर सुट्टं, डेअरीतलं. त्यात चरबीही असते, म्हणून त्या रात्री फोडणीचं तेल निम्मं.

दादाने पावडरच्या डब्याचं विचारलं. व्हे दुधाचंच असतं, श्रावणात चालतं, एका मापात २४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. जिमवरून आल्यावर एक माप घे म्हटलं, फुटाण्यांच्या जागी. मला त्यात पाप वाटत नाही, फक्त त्यामुळे सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. सकाळी दूध ३०० मिली आणि चक्का. दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दही. चारला व्हे. संध्याकाळी उपास सोडताना वरण-भात, पनीरची भाजी. ८१ भरले. आषाढीपेक्षा बरंच वर, खिचडी नसल्यामुळे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सेकंड शिफ्ट लागली, साडेतीन ते बारा. तीन दिवसांत घडी विस्कटली. उठायला नऊ, नाश्ता टळून थेट साडेबाराचं जेवण, आठला कॅन्टीनची पातळ डाळ आणि रात्री एकला घरी आल्यावर ताटभर जेवण. म्हणजे पुन्हा जुनं चित्र, घड्याळ तेवढं सरकलं.

घड्याळाच्या वेळा सोडून दिल्या आणि जागेपणाचे तास धरले. उठल्यावर तासाभरात पहिलं, मग चार ते साडेसहा तासांच्या अंतराने. साडेनऊला धिरडी, अकराला जिम, दीडला जेवण, आठला कॅन्टीनमध्ये घरचा सोयाचा डबा आणि कॅन्टीनचा फक्त भात. एक वाजता पेलाभर दूध आणि झोप. झोपण्यापूर्वीचं दूध हळू पचतं, रात्रीच्या लांब उपासात ते उपयोगी पडतं. पण त्याच्यासाठी उठून बसायची गरज नाही.

बेंच ४० वरून ३७.५ वर आलं. मी लगेच काही बदललं नाही. झोप साडेपाच तासांची होती. एका आठवड्यात एका लिफ्टचं, म्हणजे स्क्वॉट-बेंचसारख्या एका प्रकाराचं, वजन उतरलं तर आधी झोप विचारायची.

१७ ऑगस्ट, रविवार

मंगळवारी जिममधल्या मशीनने दादाला घाबरवलं. त्यावर उभं राहिलं की चरबी आणि स्नायू सांगतं. महिन्याभरात स्नायू १.४ किलो कमी! रात्री साडेदहाला फोन: "तुझं धिरडं काही कामाचं नाही."

मशीन अंगातून बारीक विजेचा प्रवाह सोडतं आणि अंगातल्या पाण्यावरून स्नायूंचा अंदाज बांधतं. मंगळवार, म्हणजे सोमवारच्या उपासानंतरचा दिवस. त्यात जिम करून घामाघूम झाल्यावर तो मशीनवर चढलेला. आज सकाळी, उपाशी, व्यायामाआधी परत मोजायला लावलं. १.४ पैकी १.१ किलो परत आले. पाच दिवसांत किलोभर स्नायू कुणाला चढत नाहीत.

खरे स्नायू जात असले तर ते असं दिसतं: दोन-तीन आठवडे एकापेक्षा जास्त लिफ्ट उतरत राहतात, वजन भराभर खाली येतं पण पोटाचा टेप हलत नाही, आणि उतरण्याचा वेग आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या वर गेलेला असतो. दादाचं यातलं काहीच नाही. बेंच परत ४० वर आहे. वजन ८१.१, पोट ९६. मशीनवर चढायला बंदी केली.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. मोदक किती खाल्ले ते विचारलं नाही, सकाळचा नाश्ता झाला का तेवढंच विचारलं. झाला. आरतीला दहा घरं फिरायची असली तरी धिरडी खाऊन निघाला. तीन-चार दिवस वजन किलोभर वर दिसेल, ते गोडाखारटाचं पाणी.

१४ सप्टेंबर, रविवार

वजन ७९.७. पोट ९३.५. स्क्वॉट ५५ किलो आणि बेंच ४२.५ किलो, रेप्स तेवढेच. साडेचार किलो उतरले आणि उचलण्याची ताकद वाढली, त्यामुळे गेलं ते मुख्यतः चरबीतलं असं धरायला हरकत नाही. यात व्यायामाचा वाटा किती, एकूण प्रोटीनचा किती आणि वाटणीचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. तिन्ही एकदमच चालू होते. मला विचाराल तर क्रम याच ओळीने लावीन.

या महिन्यातल्या एका आठवड्याची सरासरी ९९ ग्रॅम निघाली. ठरवलेल्या १०५ च्या खाली, पण जूनमधल्या ६५ च्या पुष्कळ वर. डब्यातला सोया आता आठवड्यातून तीनदाच, बाकी दिवस पनीर-मटार, घट्ट मुगाची उसळ, दही. तोच तोच खिमा बसमधल्यांनाही नको झाला होता.

पितृपक्ष चालू आहे, जेवणाची आमंत्रणं येतात. खीर, वडे, भजी, कढी, एवढ्या मोठ्या पानात प्रोटीन १५-२०. जायचंच आहे. जाताना सकाळ भरून जायची आणि संध्याकाळी दही-फुटाणे, रात्री हलकं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज काटा परत आणायला गेले होते. वहिनी म्हणाली, "ताई, राहू दे अजून थोडे दिवस. यांचं झालं, माझं कुणी मोजलंय?"

ओट्याशी उभ्या उभ्याच मोजलं. वजन ६१. सकाळी दोन चहा, बाकी काही नाही. अकराला दादाच्या डब्यातून उरलेली पोळी-भाजी. चारला चहा. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर भाकरी, आमटीचा तळ आणि भात. दादाच्या चक्क्याचं पाणी कणकेत गेलं तेवढं. दिवसाचे ३६ ग्रॅम आणि त्यातले २० रात्री नऊनंतर. साय काढलेलं दूध, पनीर, धिरडी सगळं तिच्याच हातून जातं आणि तिच्या ताटात त्यातलं काही नाही.

तिला वजन उतरवायचं नाही, गुडघे दुखतात म्हणून व्यायाम सुरू करायचा आहे. लक्ष्य दिवसाला ६० ते ६५. पहिला बदल सकाळचाच: मूगडाळ ६० ऐवजी १०० ग्रॅम भिजवायची, एक धिरडं तिचं, पनीर घालून, साडेसहाला दादाची बस गेल्यावर बसून खायचं, चहाच्या आधी. ते १५. अकराला पोळीबरोबर वाटीभर दही. रात्री वरण आधी तिच्या वाटीत काढून ठेवायचं. सोमवारपासून तिचे नवरात्राचे उपास आहेत, म्हणून धिरड्याच्या जागी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि चक्का, आणि वरणाच्या जागी रात्री पेलाभर दूध. दही एक किलो लावायचं आता, अर्ध्याने भागणार नाही.